सत्तेचाळीस नव्हे, अठ्ठावन्न

रविवारी जेवताना भाऊजींनी सहज विचारले, "मग शंभरातले तुझ्या हाती किती पडतात?" आणि मला उत्तर देता आले नाही. "बरेच पडतात," असे काहीतरी पुटपुटून मी आमटी वाढून घेतली. त्याच ताटावर गेल्या दिवाळीत मी सर्वांना ऐकवले होते की सत्तेचाळीस वर्गणीदार झाले की महिन्याला शंभर रुपये वर्गणीचे माझे ऑनलाइन वार्तापत्र स्वतःच्या पायांवर उभे राहील. आज यादीत ६१ जण आहेत. तरीही या प्रश्नाने मी दोन दिवस बेचैन आहे, म्हणून आज रात्री वही उघडून बसले.

सत्तेचाळीस हा आकडा कसा आला, ते आठवायला वेळ लागला नाही. महिन्याला चार अंक निघतात. प्रत्येक अंकाच्या चित्राचे ५०० याप्रमाणे २,०००, मुद्रितशोधनाचे १,५००, पुस्तके व प्रवास यांचे साधारण ८००, वर्षाकाठच्या डोमेनचे महिन्याला १०० आणि सीएंच्या वाढीव फीचे २५०, असे एकूण ४,६५० रुपये होतात. व्यवसाय कराचे २,५०० यात धरले नाहीत, कारण भाषांतराच्या कामामुळे ते मी तसेही दरवर्षी भरते. वार्तापत्र उद्या बंद केले तरी ते वाचणार नाहीत. इथवर हिशेब बरोबर होता. मात्र पुढे मी ४,६५० ला सरळ शंभराने भागले आणि मोकळी झाले.

वाचक १०० रुपये देतो, पण ते माझ्याकडे १०० म्हणून पोचत नाहीत. प्लॅटफॉर्म त्यातून १० टक्के घेतो आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लावतो, म्हणजे ११ रुपये ८० पैसे गेले. पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून आणखी २ रुपये ३६ पैसे जातात. मी स्वतः जीएसटीत नोंदलेली नसल्यामुळे या कराची वजावट मला मिळत नाही. तो माझ्यासाठी निव्वळ खर्चच आहे. उरतात ८५ रुपये ८४ पैसे. भाऊजींच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. ४,६५० ला ८५.८४ ने भागले की ५४ आणि थोडे वर येतात, आणि वाचक काही तुकड्यांत येत नाहीत, म्हणून ५५. घरभर मिरवलेला माझा आकडा पहिल्याच पायरीवर आठांनी चुकला होता.

(न्यू जर्सीच्या मैत्रिणीचे दुखणे निराळे आहे. तिकडे स्ट्राइप या पेमेंट गेटवेचा सर्वसाधारण दर २.९ टक्के अधिक दर व्यवहाराला ३० सेंट असा आहे. तिच्या ५ डॉलरच्या मासिक वर्गणीतून प्लॅटफॉर्मचे १० टक्के धरून जवळजवळ १९ टक्के जातात, तर ५० डॉलरच्या वार्षिक वर्गणीतून साडेतेरा टक्केच जातात, कारण ते ३० सेंट वर्षातून एकदाच द्यावे लागतात. वर्गणी जितकी लहान, तितके हे ठरावीक ३० सेंट जड. माझ्याकडे सगळा मामला टक्क्यांचा असल्यामुळे त्या एका त्रासातून मी सुटले आहे.)

पण ५५ हाही आकडा खरा नाही, कारण ६१ पैकी ३८ जण महिन्याला १०० देतात आणि २३ जणांनी वर्षाचे १,००० एकदम दिले आहेत. वार्षिक वर्गणीतून कापाकापी होऊन ८५८ रुपये ४० पैसे उरतात, म्हणजे महिन्याला ७१ रुपये ५३ पैसे. हे पैसे दिवाळीच्या सुमारास एकगठ्ठा आले, तेव्हा खाते भरलेले पाहून मी हुरळले होते आणि त्या भरात दोन महिन्यांची चित्रे आगाऊ करून घेतली होती. ती रक्कम म्हणजे माझी कमाई नव्हती. पुढच्या बारा महिन्यांत पाठवायच्या अठ्ठेचाळीस अंकांचे ते देणे होते. दर महिन्याला त्यातला बारावा हिस्साच माझा म्हणायचा. तसा म्हटला की ३८ जणांचे ३,२६१ रुपये ९२ पैसे आणि २३ जणांचे १,६४५ रुपये २७ पैसे मिळून ४,९०७ रुपये १९ पैसे होतात. दर वाचकामागे सरासरी ८० रुपये ४५ पैसे पडले. खर्चाला त्याने भागले की येतात ५८.

अठ्ठावन्न. सत्तेचाळीस म्हणून सांगितले होते. कोणी जाब विचारणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि तरीही त्या ताटावरचा माझा तो आत्मविश्वास आठवला की कानशिले तापतात. याहून बोचणारी गोष्ट अशी की या ४,६५० मध्ये माझे तास शून्य रुपयांनी धरले आहेत. आठवड्याचे दोन दिवस चित्रकाराला, मुद्रितशोधकाला, प्लॅटफॉर्मला आणि गेटवेला पोसण्यात जातात आणि लिहिणारी तेवढी फुकट. यावर अधिक लिहिले तर रडगाणे होईल.

करांच्या बाबतीत माझा गोंधळ आणखी जुना आहे. वहीच्या मागच्या पानावर मी कधीतरी प्रत्येक वाचकाच्या शंभरातून आयकरापोटी दहा रुपये वजा केलेले दिसतात, आणि ते साफ चूक आहे. आयकर शंभरावर नसतो, खर्च जाऊन जे उरते त्यावर असतो. आणि जिथे ना नफा ना तोटा, तिथे उरतेच शून्य. म्हणून खर्च भागवण्यापुरत्या या आकड्याला आयकर स्पर्श करीत नाही. मी स्वतःसाठी काही घेऊ म्हटले, की मग तो हिशेबात येतो. समजा, मला महिन्याला ५,००० हातात हवेत. भाषांतराचे उत्पन्न धरूनही माझे वर्षाचे करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहते, त्यामुळे २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीतील सवलतीने कर शून्य होतो आणि ९,६५० रुपयांसाठी १२० वाचक पुरतात. पण पगारामुळे २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाने हेच वार्तापत्र चालवले, तर उपकरासह २०.८ टक्के जातील. त्याला ५,००० हाती येण्यासाठी ६,३१३ उरावे लागतील, आणि त्याचा आकडा होईल १३७. वार्तापत्र तेच, दर तेच, तरी सतरा वाचक जास्त, ते केवळ त्याच्या पगारामुळे. दुसऱ्याचा आकडा उसना घेता येत नाही, तो यामुळे.

जीएसटी मात्र नफ्याची वाट पाहत नाही. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे आणि वार्तापत्राची माझी सारी वर्गणी वर्षाला ६८,६०० रुपये आहे, म्हणून मी निश्चिंत होते. परंतु ही मर्यादा वार्तापत्राला वेगळी नसते. एका पॅनवरची सगळी उलाढाल एकत्र मोजतात, भाषांतराचीही. एखाद्या वर्षी मोठे काम मिळून ती ओलांडली, तर वाचकाच्या त्याच शंभरातून १८ टक्के कर द्यावा लागेल, म्हणजे १५ रुपये २५ पैसे सरकारजमा होतील. कमिशनवरच्या जीएसटीची वजावट तेव्हा मिळेल, तरीही हाती ७२ रुपये ७५ पैसेच उरतील. सगळे वाचक मासिक असते तर ५५ चे ६४ झाले असते, तेही वार्तापत्रात एक पैसा नफा नसताना. छापील वर्तमानपत्राला हा कर नाही, पडद्यावरच्या पत्राला आहे. असो.

एवढे झाल्यावर मी या महिन्याची प्रत्यक्ष जमा तपासली आणि पुन्हा अडखळले. ३८ मासिक वर्गण्यांपैकी ३५ च आल्या आहेत. ऑटोपेने पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ग्राहक म्हणून तो मला योग्यच वाटतो. पण लिहिणारी म्हणून त्याचा अर्थ असा होतो की मासिक वाचकाला वर्षातून बारा वेळा विचारले जाते, "ही बाई तुम्हाला अजून हवी आहे का?" वार्षिक वाचकाला एकदाच विचारतात. शिवाय खात्यात शिल्लक नसते, कार्डाची मुदत संपलेली असते. ३८ मागे ३ म्हणजे जवळपास ८ टक्के. ते धरले तर मासिक वाचकाचे ८५.८४ खरे तर ७९ च्या घरात येतात. वार्षिक वर्गणी १,१०० ठेवली असती तर तिचेही महिन्याला ७८ रुपये ६९ पैसे पडले असते आणि दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या असत्या. मी उदारपणे २०० रुपये सोडले, ते कोणताही हिशेब न करता, केवळ "दोन महिने मोफत" हे शब्द छान दिसतात म्हणून. जुन्यांचा दर तसाच राहील, पण नव्या वार्षिक वर्गणीदारांसाठी पुढच्या महिन्यापासून १,१०० करीन.

मग या महिन्याची बेरीज केली. ३५ जणांचे ३,००४ रुपये ४० पैसे, वार्षिकांचे १,६४५ रुपये २७ पैसे, एकूण ४,६४९ रुपये ६७ पैसे. खर्च ४,६५०. मी तीनदा बेरीज केली आणि मग एकटीच हसत सुटले. यादीत पैसे देणारे बरोबर अठ्ठावन्न उरले आहेत. सरासरीने ते पुरायला हवे होते, पण गळालेले तिघेही मासिकवाले, म्हणजे जास्त देणारे निघाले. वार्तापत्र तोट्यात आहे, आणि तोटा ३३ पैसे आहे. दोन दिवसांच्या बेचैनीची एवढी अचूक किंमत कोणाला कधी मिळाली नसेल.

तेवढ्यात त्या तिघांची नावे पाहिली. दोघांचे पैसे शिल्लक नसल्यामुळे परत गेले होते. तिसऱ्याने शनिवारी रात्री, पूर्वसूचना मिळाल्यानंतर, ऑटोपे रद्द केला होता. नाव ताईचे आहे. कार्ड कोणाचे ते मला ठाऊक आहे, कारण गेल्या वर्षी ते मीच तिच्याकडून भरून घेतले होते. म्हणजे रविवारी आमटी वाढताना तो प्रश्न मला वाटला तितका सहज आलेला नव्हता.

वहीत "तूट : ३३ पैसे" अशी नोंद केली आहे. ताईला यातले काही सांगणार नाही. पुढच्या रविवारी भाऊजींनी पुन्हा विचारले, तर मात्र पैशांसकट सांगेन : पंच्याऐंशी रुपये चौऱ्याऐंशी पैसे, आणि या महिन्यात तेही नाहीत.