शंभर चालतील, पण कुठले शंभर?

"प्लॅनमध्ये मार्केट सर्व्हे टाकायचाय. शंभर लोकांना विचारलं तर चालेल का?"

चालेल की. पण आधी एक किस्सा ऐका. मी सोलापुरात लोनसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून देतो, तर एक दादा आले, कडक भाकरी अन् शेंगा चटणीचं पॅकेट काढायचं होतं. म्हणाले सर्व्हे तयार आहे, 110 पैकी 100 जण "घेऊ" म्हणालेत. फॉर्म कुठं टाकला होता? नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर! आता आत्याबाई काय नाही म्हणणारेत होय?

प्रश्न तर बघा: "घरगुती, ताजी, स्वच्छ भाकरी वाजवी दरात मिळाली तर घ्याल का?" याला नाही कोण म्हणेल, मीपण हो म्हणालो असतो आणि माझ्या घरी रोज भाकरी थापतात. मग आम्ही प्रश्नच बदलला. गेल्या 7 दिवसांत भाकरी विकत आणली का, कुठून, किती, एकीला किती पैसे दिले. घडलेलं विचारायचं, पुढं काय कराल ते नाही. आपलं पॅकेट एकदम शेवटी दाखवायचं, नाहीतर समोरचा माणूस आपलं मन राखायला लागतो.

मग जागा. नुसतं जुळे सोलापूर धरलं तर पूर्व भाग सुटतो, तिथं कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, म्हणून तेलुगू येणारा पोरगा घेतला. प्रत्येक ठिकाणी जाणाऱ्यांतला दहावा माणूस थांबवायचा, कारण पोरांवर सोडलं की ती हसऱ्या चेहऱ्याचीच माणसं धरतात. आणि कितीजण न थांबता गेले तेही लिहायचं. आमच्याकडं 100 उत्तरांसाठी 160 जणांना हाक मारावी लागली. गंमत अशी की घाईत निघून जाणारेच तयार भाकरीचे खरे गिऱ्हाईक असू शकतात, आणि तेच सर्व्हेत येत नाहीत. म्हणून दुसरी फेरी रविवारी सकाळी केली, तेव्हा माणूस जरा निवांत असतो.

शेवटी 100 पैकी 30 जण विकत आणणारे निघाले. दादांचं तोंड उतरलं. त्यात 100 च्या नमुन्यात या 30 टक्क्यांना साधारण 9 टक्के इकडंतिकडं धरावं लागतं, म्हणजे खरा आकडा 21 ते 39 मध्ये कुठंतरी. हा फरक निम्मा करायचा तर माणसं दुप्पट नाही, चौपट लागतात, 400. तेवढा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. आणि हे 9 सुद्धा निवड अगदी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली असेल तरचे, रस्त्यावरच्या सर्व्हेत चूक त्याहून जास्तच असते. आत्याबाईंचा ग्रुप असेल तर मग 400 काय नि 4000 काय, चूक तेवढीच राहते.

प्लॅनमध्ये आम्ही 21 धरून विक्री मांडली. दोन मशीनचं कोटेशन होतं, त्यातलं एक काढून टाकलं.