वसई-भाईंदर रो-रो आणि पौर्णिमेची ओहोटी

हॉर्न वाजवून खाडीला पाणी येत नाही. त्या संध्याकाळी वसईच्या जेट्टीवर चाळीसेक गाड्यांच्या लाईनीत हे ओरडून सांगावंसं वाटत होतं, तेव्हा सांगितलं नाही म्हणून आता लिहितोय.

आम्ही बोरिवलीचे, आत्या वसईला. गाडीने जायचं तर दहिसर, फाउंटनचा जंक्शन, वर्सोव्याचा खाडीपूल, मग हायवेवरून पुढे जाऊन परत पश्चिमेला वळायचं, आणि फाउंटनला अडकलो की आत्याकडचा नाश्ता डायरेक्ट जेवणात जमा. भाईंदरहून वसई रस्त्याने 38-39 किलोमीटर पडते आणि खाडीतून जेमतेम साडेतीन. त्यामुळे फेब्रुवारी 2024 मध्ये गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली तेव्हापासून आमच्या घरात हायवेचं नाव कोणी काढत नाही. सुरुवातीला कारचे ड्रायव्हरसकट 180 आणि बाईकचे 60 होते, गाडीतल्या बाकीच्या माणसांचं तिकीट वेगळं, माणशी 30. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण खिडकीपाशी दर वेळी कोणीतरी "गाडीचं काढलं ना, मग बायकामुलांचं वेगळं कशाला" म्हणून वाद घालत असतो आणि मागची लाईन खोळंबते. बोटीवर गाड्यांबरोबर माणसंही मोजून घेतात, 33 गाड्या आणि 100 माणसं असा हिशोब आहे, त्यामुळे डोकी मोजावीच लागणार.

जाताना काहीच झालं नाही. सकाळी साडेअकराला भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवर पोचलो, पाणी काठोकाठ, बोट लागलेलीच होती, गाडी आत, पाव तासात वसई. आत्याकडे जेवलो, आईला निर्मळला जायचं होतं म्हणून तिकडे गेलो, आणि परत निघायला पाच वाजले. आत्या दारातच म्हणाली, "अरे आज पुनव आहे, आता पाणी नसणार, जेवूनच जा रात्री." पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांची ऑफिसं, थांबणं शक्यच नव्हतं.

आत्या पंचांग बघून बोलते, आणि तिचा हिशोब आपल्या किनाऱ्यावरचा जुना आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तास पुढे गेलं की ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाच ते सहा. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं जास्त चढतं तितकंच जास्त उतरतं पण. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरच्या वर जातो, एक मजल्याहून जास्त. सकाळी आम्ही त्या मजल्याच्या वर होतो आणि आता तळाशी जाणार होतो.

किल्ल्याच्या बाजूने जेट्टीवर आलो तर लाईन लागलेली. कार एका बाजूला, रिक्षा आणि टेम्पो त्यांच्या मागे, बाईकवाले मिळेल तिथे. बोट समोर दिसत होती, पण थोडी आत खाडीत उभी, रॅम्प वर उचललेला. सकाळी जिथे पाणी होतं तिथे धक्क्याचा लांबच लांब ओला उतार उघडा पडलेला, खालचा भाग शेवाळाने काळाहिरवा, कडेला शिंपल्या चिकटलेल्या आणि त्याच्याही खाली चिखल.

हा उतार मुद्दाम बांधलेला असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सरळ भिंतीचा धक्का असता तर भरतीला बोट वर आणि ओहोटीला चार मीटर खाली, गाडी चढवणार कशी? उतार असला की पाणी जिथे असेल तिथे बोट तोंड लावते, रॅम्प टाकते, आणि रॅम्पचा कोन भरती-ओहोटीला साधारण तोच राहतो. बदलते ती जमीन. भरतीला गाडी सुक्या काँक्रिटवरून जाते, आणि उधाणाच्या ओहोटीला अशा भागावरून जो महिन्यातले थोडेच दिवस उघडा पडतो, आणि तिथे कोणाचंही टायर धरत नाही.

सहा वाजले तरी बोट हलेना. मग सुरू झाले हॉर्न. एक जण उतरून खिडकीवर जाऊन भांडला, पैसे परत द्या म्हणाला, दुसरा व्हिडिओ काढायला लागला. एक मोठी एसयूव्ही सगळ्या लाईनीच्या बाजूने पुढे येऊन अगदी उताराच्या तोंडाशी उभी राहिली आणि आतला माणूस काच खाली करून कोणाला तरी फोनवर साहेबांशी बोलून घे सांगत होता. मला त्या माणसाचा फार राग आला, अजूनही येतो. आमच्या पुढे एका जुन्या मारुतीत एक म्हातारं जोडपं होतं, चार वाजल्यापासून बसलेलं, त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नव्हता.

शेवटी बोटीवरचा एक खलाशी उतारावर चालत आला, तिशीचा असेल, कोकणातला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याने प्रत्येक गाडीपाशी थांबून तेच सांगितलं. "पाणी अजून लागलं नाय. आता तोंड लावलं आणि गाड्या चढवल्या तर वजनाने पुढनं बसेल. तळ टेकला की मग पाणी येईपर्यंत कोणच हलणार नाय, तुम्ही पण नाय आणि आम्ही पण नाय." मी विचारलं किती वेळ लागेल, तर म्हणाला तास धरा, पहिल्या तासाला पाणी हळू येतं. आणि ते खरंच आहे. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही, पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, मधल्या दोन तासांत प्रत्येकी तिप्पट, मग परत कमी कमी. चार मीटर धरले तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर. पण सपाट तळाच्या बोटीला तो फूटच हवा असतो.

त्या तासाभरात त्या पोराने आणि त्याच्या जोडीदाराने जे केलं ते बघण्यासारखं होतं. खराट्याने उताराचा खालचा भाग घासला, बादलीने पाणी मारलं, आणि चाकं जातील अशा दोन पट्ट्यांमध्ये गोणपाटं अंथरली. कोणी सांगितलं म्हणून नाही, हॉर्न ऐकत ऐकत, शिव्या ऐकत ऐकत, खाली मान घालून. माझी आई गाडीतून उतरून तिथे जाऊन उभी राहिली आणि त्यांना पाण्याची बाटली दिली. मला तेव्हा आईचं फार बरं वाटलं.

सात वाजत आले तेव्हा बोटीचं इंजिन वाढलं आणि तोंड उताराला लागलं. अशी बोट दोरखंडाने बांधून मोकळी होत नाही, चढ-उतर होईपर्यंत इंजिन पुढे रेटत ठेवावं लागतं म्हणजे रॅम्प जागेवरून सरकत नाही, म्हणून तेव्हा धूर आणि आवाज दोन्ही असतात आणि खलाशी तोंडाने नाही, हातानेच सांगतो. त्याचा हात बघायचा, मागच्याचा हॉर्न ऐकायचा नाही.

सगळ्यात आधी त्याने एसयूव्हीला मागे जायला लावलं. तो माणूस चिडला, साहेबांचं नाव घेतलं, पण खलाशी एवढंच म्हणाला की जड गाडी मध्येच लागणार, तोंडाला नाय, आणि तुमची मधली जागा लाईनीतनं येईल तेव्हा येईल. लाईनीतल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग पहिली कार म्हणून त्याने बोलावलं ते त्या म्हाताऱ्या जोडप्याला. आजींना उतरवून बाजूने चालत आत नेलं, आजोबांना सांगितलं पहिल्या गिअरमध्येच ठेवा, ब्रेक दाबून धरू नका, क्लच दाबू नका, इंजिनवरच खाली येऊ द्या. ओल्या उतारावर ब्रेक जोरात दाबला की चाक थांबतं आणि गाडी घसरतच राहते, इंजिनवर सोडली की चाक फिरत राहतं आणि पकड राहते. तो स्वतः गाडीच्या पुढे उलटा चालत होता, दोन्ही हात वर. रॅम्पची कड येते तिथे पुढचा बंपर खाली लागायची भीती असते, तिथे त्याने त्यांना थोडं तिरकं घेतलं, एक चाक आधी, एक मागून, आणि गाडी न घासता आत गेली. आजोबांनी आत जाऊन इंजिन बंद केलं आणि काच खाली करून त्याचा हात हातात घेतला.

आमचं पण तसंच झालं, फक्त माझे तळहात स्टिअरिंगवर भिजलेले होते. आत लावल्यावर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि चाकाखाली लाकडी ठोकळा. बाईकवाल्यांना शेवटी घेतलं, मागे बसलेल्या सगळ्यांना उतरवून. एका स्कूटीवाल्या ताईंचं मागचं चाक गोणपाटाच्या बाहेर गेलं आणि स्कूटी आडवी व्हायला लागली, तर त्याने मागून कॅरिअर धरून ती तशीच सरळ आत ढकलत नेली. साईड स्टँडवर लावू नका म्हणाला, मेन स्टँड लावा आणि जवळच उभे राहा, लाटेला साईड स्टँड सुटतो.

बोट पूर्ण भरली नाही. मागचे दोन टेम्पो आणि काही कार तशाच ठेवल्या, पुढच्या फेरीला. ती एसयूव्ही पण राहिली. भाईंदरला पोचलो तेव्हा अंधार झाला होता, तिथला उतार पण ओलाच, पण चढताना पुढची गाडी पूर्ण वर जाईपर्यंत मागच्याला सोडायचं नाही असं तिथल्याने ठेवलं होतं, त्यामुळे कोणी मध्येच अडकलं नाही.

एक तक्रार मात्र आहे. तिकीट देतानाच खिडकीवर फळ्यावर आजची भरती अमुक वाजता, ओहोटी अमुक वाजता एवढं खडूने लिहिलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. ज्याला घाई आहे तो हायवेने जाईल, ज्याला वेळ आहे तो किल्ला बघून येईल. लोक पाण्यावर चिडलेले नव्हते, काही न सांगता बसवून ठेवलं यावर चिडलेले होते, आणि शिव्या खाल्ल्या त्या उतार घासणाऱ्या पोरांनी.

घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घेतली, खाऱ्या चिखलाने सायलेन्सर आणि ब्रेक लवकर गंजतात. पुढच्या वेळी आत्याकडे अष्टमीच्या आसपास जायचं ठरवलंय. तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत पण नाही आणि फार उतरत पण नाही. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी परत सहा-साडेसहाला भरती. आत्याला फोन करून सांगितलंय, संध्याकाळच्या पाण्याला निघणार, रात्रीच्या जेवणाचा आग्रह करू नकोस.