मॉनिटर चालू, सीपीयू बंद

‘‘दादा, कम्प्युटर पुन्हा बंद पडायलाय. आन् लाईट तर हाय की घरात!’’

माजलगाव तालुक्यातल्या एका गावातून त्या ताईंचा हा चौथा फोन होता. त्या मोंढ्यातल्या तीन आडत दुकानांचा हिशोब घरी बसून टॅलीत भरतात. दोन महिन्यांत मी त्यांचा सीपीयू दोनदा दुकानात आणून फॉरमॅट केला होता, एकदा रॅमही बदलली होती. दुकानात मशीन दिवसभर ठणठणीत चालायची, घरी गेली की दोन दिवसांत पुन्हा तेच. आता तर टॅलीचा डेटाच खराब झाला होता आणि आठवड्याच्या हिशोबाच्या पट्ट्या नव्याने भरायची वेळ आली होती.

‘‘लाईट हाय की’’ या तीन शब्दांनी मला दोन महिने फसवलं. कम्प्युटर बंद पडतो तेव्हा बल्ब चालू, मोबाईल चार्ज होतोय, मॉनिटरसुद्धा चालू आणि त्यावर No Signal लिहिलेलं. मग कोण म्हणेल विजेचा दोष? मी तरी म्हटलं नाही. फॉरमॅटचे पैसे घेत राहिलो.

चौथ्या फोनला मात्र ताईंनी एक गोष्ट सांगितली, ती मी आधी विचारायला हवी होती. ‘‘या आठवड्यात दिवसा बंद पडायलाय, मागच्या आठवड्यात रात्री पडायचा.’’ कम्प्युटरला आठवडा कळत नाही. शेतीच्या लाईटीला कळतो. विहिरींच्या मोटारींना एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. हे ऐकलं आणि पिशवीत मल्टीमीटर टाकून मीच गावाला गेलो.

आधी कम्प्युटरलाच विचारलं. Start मध्ये `eventvwr.msc` टाइप केलं आणि सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. Kernel-Power, Event ID 41 अशा लाल नोंदींची रांग लागली होती. ही नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालेली नाही. विंडोज कोलमडली तरी ही नोंद पडते. म्हणून तपशिलात BugcheckCode बघावा लागतो. निळा स्क्रीन येऊन मशीन पडली असेल तर तिथे सहसा काहीतरी आकडा असतो. इथे सगळीकडे 0 होता. मशीन अडकून कुणी बटण दाबून बंद केली तरी शून्यच येतो, पण ताईंनी बटणाला हात लावला नव्हता. म्हणजे विंडोजला काही कळायच्या आतच खालून वीज गेली होती. नोंदींच्या वेळाही मोटारींच्या पाळीशी जुळत होत्या.

मग मल्टीमीटर लावला. दुपारी बोर्डावर १६८ व्होल्ट, असायला हवेत २३०. घराच्या लाईट मीटरपाशी जाऊन मोजलं, तिथेही तेवढेच. इस्त्री लावून पाहिली, फक्त तीन व्होल्टनी उतरलं. घरचा न्यूट्रल ढिला असता तर इस्त्रीसरशी धाडकन खाली आलं असतं. घरातली वायरिंग निर्दोष सुटली, दोष बाहेरचा. त्यांचं घर गावाच्या कडेला आहे आणि त्याच डीपीवर चार-पाच विहिरींच्या मोटारी आहेत. मी मीटरकडे बघत बसलो. कुठेतरी एक मोटार चालू झाली, आकडा १४८ वर आला, पंखा कण्हला आणि सीपीयू बंद. मॉनिटर तसाच चालू.

सीपीयू उघडून आतल्या पॉवर सप्लायवरचं लेबल ताईंना दाखवलं. स्वस्तातला एसएमपीएस, इनपुट २०० ते २४० व्होल्ट. मॉनिटरच्या मागे १०० ते २४०. मोबाईलच्या चार्जरवरही तेच. एकाच बोर्डावर तिघं बसलेत, पण उपाशी राहायची ताकद प्रत्येकाची वेगळी. एसएमपीएस लेबलापेक्षा थोडं खालीही ढकलत नेतो, म्हणून १६८ ला चालत होता; त्याखालचा झटका त्याला सोसत नव्हता.

आबा, म्हणजे ताईंचे सासरे, बाजेवरून म्हणाले, ‘‘फ्रिजचा स्टॅबिलायझर लावा की. कशाला खर्च?’’

लावून दाखवला. व्होल्टेज २१० वर गेलं. आबा खूश. तेवढ्यात अर्ध्या सेकंदाला लाईट गेली आणि आली. सीपीयू तर गेलाच, वर स्टॅबिलायझरने तीन मिनिटं लाईट अडवून धरली. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला अशी उसंत लागते, कम्प्युटरला तिचा काय उपयोग? स्टॅबिलायझर आलेली वीज वाढवतो किंवा कमी करतो. गेलेली वीज तो कुठून आणणार, त्याच्या पोटात बॅटरी नाही. एसएमपीएस स्वतः एका सेकंदाचा साधारण साठावा भाग दम धरतो, तेवढाच.

इथे दुखणी दोन होती: व्होल्टेज डिम आणि मधूनच गुल. दुसऱ्याला यूपीएसशिवाय इलाज नाही. पण साधा ऑफलाइन यूपीएस आणला असता तर १६८ व्होल्टला तो ‘लाईट गेली’ असं समजून बॅटरीवर जाऊन बसला असता, पाव तासात बॅटरी संपली असती, आणि डिममध्ये ती पुन्हा चार्जही झाली नसती. अशा बॅटऱ्या मी वर्षात फुगलेल्या पाहिल्यात. म्हणून लाइन-इंटरॅक्टिव्ह घेतला. त्यात छोटा स्टॅबिलायझर आतच असतो. घेताना मी खोक्यावर कंपनीच्या नावाआधी इनपुटचा पल्ला वाचतो. याचा १४० ते ३०० होता. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. ताईंचा कम्प्युटर मॉनिटरसकट शंभरच्या आसपास खातो. नवीन बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात टॅली बंद करून मशीन शटडाऊन करायची, बॅटरीवर पट्ट्या भरत बसायचं नाही, हे दोनदा बजावलं.

जानेवारीत पुन्हा फोन. गव्हाला पाणी चालू होतं आणि यूपीएस सारखा टीं-टीं करत होता. मीटर १३२ दाखवत होता, तेही तास-तासभर. यूपीएसचा पल्ला संपला होता. तेव्हा आबांचा स्टॅबिलायझर कामी आला. त्याचा पल्ला ९० पासून होता. भिंतीतून स्टॅबिलायझर, त्यातून यूपीएस, त्यातून कम्प्युटर. उलटं जोडायचं नाही. स्वस्त यूपीएसची बॅटरीवरची वीज चौकोनी लहरीची असते, ती स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरला मानवत नाही. आता स्टॅबिलायझरचा रिले टक् करून बदलतो तेव्हा यूपीएस क्षणभर बॅटरीवर जाऊन येतो, आणि तीन मिनिटांची ती उसंतही बॅटरीच भरून काढते. फ्रिजला आबांनी दुसरा घेतला.

निघताना पुन्हा टीं-टीं. आता काय? लेझर प्रिंटरची पिन यूपीएसमध्ये. तो कागद भाजायला तापतो तेव्हा एकटाच सातशे-आठशे वॅट ओढतो. पिन काढून भिंतीतल्या बोर्डात लावली.

‘‘किती झाले?’’ ताईंनी विचारलं. दोन फॉरमॅटचे आणि रॅमचे पैसे वजा करून आकडा सांगितला. आबा म्हणाले, ‘‘उलटे आम्हीच घेणं लागतो का बघा की.’’