ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन: एका ओळीचा उलगडा

माझं वय ६८. साताऱ्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. मधुमेह नाही, तंबाखू कधी नाही, आणि पाऊस नसेल तर अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्याने वर जाणं हा माझा नेम आहे. गेल्या वर्षापासून चढावर धाप लागायला लागली. सपाटीवर काही नाही, पण पहिल्या मोठ्या वळणावर थांबावंसं वाटायचं. मुलाने पुण्याहून फोनवर धरणंच धरलं, म्हणून तपासण्या करून घेतल्या. टू-डी इकोच्या रिपोर्टात शेवटी लिहिलं होतं, ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’. घरी कुणाचा डोळा लागला नाही. ‘डिसफंक्शन’ म्हणजे हृदय निकामी व्हायला लागलं, असाच अर्थ आम्ही सगळ्यांनी लावला.

हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांनी ती ओळ बाजूला ठेवली आणि रिपोर्टातले आकडे एकेक करून दाखवले. मला ही पद्धत फार आवडली, कारण घाबरवणारा शब्द कुठून आला ते त्या आकड्यांतच होतं.

“काकू, हृदयाचं आकुंचन उत्तम आहे,” ते म्हणाले. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर जाणारा हिस्सा, ६२ टक्के होतं, म्हणजे पंप ठणठणीत. प्रश्न आकुंचनाचा नव्हताच, आकुंचनानंतर सैल पडण्याचा होता; ‘डायस्टॉलिक’चा अर्थ तोच. डावा खालचा कप्पा ठोका मारून झाला की सैल होतो आणि वरच्या कप्प्यातलं रक्त आत ओढून घेतो. तरुणपणी हे झटकन होतं आणि बहुतेक रक्त पहिल्याच ओघात आत येतं. वरचा कप्पा शेवटी आकुंचन पावून जेमतेम पाचवा हिस्सा ढकलतो. वय वाढतं तसा हृदयाचा स्नायू सैल व्हायला वेळ घेतो, थोडा कडकही होतो. मग पहिला ओघ मंदावतो आणि वरच्या कप्प्याच्या शेवटच्या ढकलण्यावर जास्त भिस्त पडते. हिस्सा पाचव्यावरून तिसऱ्यापर्यंत किंवा त्याहूनही वर जातो.

इकोवर या दोन ओघांच्या दोन लाटा दिसतात, पहिली ‘ई’ आणि दुसरी ‘ए’. माझी ई होती ०.५६ आणि ए होती ०.७६ मीटर प्रति सेकंद. भागाकार ०.७४. पंचविशीत ई मोठी असते, भागाकार एकापेक्षा बराच वर असतो. साठीनंतर निरोगी माणसांतही तो सर्रास एकाच्या खाली येतो. रिपोर्टातली ती ओळ मुख्यतः या एका भागाकारावर छापलेली होती.

खरा प्रश्न पुढचा होता: या संथपणामुळे हृदयातला दाब वाढून तो फुप्फुसांकडे उलटा जातो आहे का? त्यासाठी डॉक्टरांनी तीन गोष्टी पाहिल्या. झडपेजवळचा स्नायू किती वेगाने हलतो त्याचा आकडा माझा ८ सेंटिमीटर प्रति सेकंद होता. ई लाटेचे ५६ सेंटिमीटर भागिले ८ म्हणजे ७. हे गुणोत्तर १४ च्या वर गेलं की दाबाचा संशय घेतात. डावा वरचा कप्पा फुगलेला नव्हता, शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात दर चौरस मीटरला २९ मिलिलिटर, मर्यादा ३४. आणि उजव्या बाजूच्या झडपेतून होणाऱ्या गळतीचा वेग २.४ मीटर प्रति सेकंद, मर्यादा २.८. तिन्ही मर्यादेच्या आत. म्हणजे संथपणा आहे, पण विश्रांतीत दाब वाढलेला नाही.

“मग धाप का लागते?” ह्यांनी विचारलं.

त्यासाठी स्ट्रेस टेस्ट केली. पट्ट्यावर दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढत जातो. तिसऱ्या टप्प्यात मी थांबा म्हटलं तेव्हा ठोके १४६ होते. २२० वजा वय हे गणित माझ्यासाठी १५२ सांगतं. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा केलं तर १६० येतात. दोन्ही अंदाजच, माणसामाणसांत दहाएक ठोक्यांचा फरक सहज पडतो. तिशीत माझी कमाल १९० च्या आसपास असणार. विश्रांतीतली नाडी मात्र वयाने फारशी बदलत नाही, म्हणून घरबसल्या हे कळत नाही. हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरमधल्या पेशी कमी होतात आणि ॲड्रेनलिनच्या हुकमाला हृदय पूर्वीइतकं उसळून उत्तर देत नाही. व्यायामाने ही कमाल वाढत नाही. दमसास मात्र वाढतो, हे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं.

ठोके कमी पडतात, तेव्हा म्हातारं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त भरून घेऊन भरपाई करतं. पण भरायला वेळ लागतो. चढावर एकदम जोर लावला की ठोके भरभर पडतात, दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ आटतो, दाब काही क्षण वाढतो आणि धाप लागते. माझ्या पहिल्या वळणाचं कोडं इथे सुटलं. टेस्टच्या ईसीजीत रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण नव्हती आणि हिमोग्लोबिन चांगलं होतं, त्यामुळे हे स्पष्टीकरण धरता आलं. ही दोन कारणं न तपासता ‘वय झालं’ म्हणून सोडून देणं धोक्याचं आहे, असं मला ठाम वाटतं.

रक्तदाबाची गोष्ट याच्याशीच जोडलेली निघाली. पूर्वी माझा १२८/८२ असायचा, दवाखान्यात आता १४६/७० भरला. वरचा चढला, खालचा उतरला. खालचा उतरला म्हणून मी खूश होते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच कारणाने होतं. महाधमनी तरुणपणी रबरी नळीसारखी ताणते, ठोक्याचं रक्त सामावते आणि मग हळूहळू पुढे सोडते. तिच्यातले लवचिक धागे झिजून कडक धागे वाढले की ती ताणत नाही, म्हणून वरचा दाब उसळतो. साठवून सोडायला काही उरत नाही, म्हणून खालचा घसरतो. कडक नळीत दाबाची लाट टोकांवरून लवकर परत फिरते आणि हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याच्यावर आदळते. त्या वाढीव ओझ्याने स्नायूचं सैल होणं आणखी लांबतं.

गोळी लगेच दिली नाही. आठवडाभर घरी, बसून पाच मिनिटं झाल्यावर, सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. सरासरी १३१/६८ आली. घरच्या मापनाची मर्यादा १३५/८५. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा २० ने पडतो का, हेही पाहिलं; पडला नाही. गोळी घाईने वाढवली तर आधीच उतरलेला खालचा दाब आणखी घसरतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मुख्यतः त्या खालच्या दाबावर भरतात. पापड-लोणचं कमी केलं, दाब मोजत राहायचं ठरलं.

आता पहिली दहा मिनिटं मी मुद्दाम सावकाश चढते, मग वेग धरते. बोलत चालता आलं पाहिजे, एवढीच खूण. वळणावर थांबावं लागत नाही.

आमच्या फिरण्याच्या गटातल्या एका मावशींनी माझं ऐकून आपला रिपोर्ट आणला. “तुझ्यासारखंच आहे गं माझं,” म्हणाल्या. त्यांचा ग्रेड टू होता, वरचा कप्पा ४१, संध्याकाळी घोट्यांवर सूज आणि आडवं झाल्यावर धाप लागते म्हणून रात्री दोन उशा लागायच्या. नाडी हातात धरली तर ठोक्यांना लयच नव्हती. वरचा कप्पा नुसता थरथरत असेल तर ते शेवटचं ढकलणंच जातं, आणि कडक झालेल्या हृदयाला नेमकी त्याचीच गरज असते. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्याची हीच थरथर, निघालं आणि पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं.