मण्यारदंशाच्या सहा केसेस आणि संपादकांना लिहिलेलं कव्हर लेटर

आमच्या ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्यात पहाटे पोटदुखीचे रुग्ण येतात. जमिनीवर झोपलेला माणूस मध्यरात्रीनंतर पोट धरून उठतो. ताप नाही, अंगावर सूज नाही, दंशाची खूण नाही. सर्जरीत भरती होतो आणि काही तासांनी पापण्या मिटायला लागतात, तेव्हा मण्यारीची शंका येते. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की चावल्याचं बहुतेक वेळा कळतही नाही. अशा सहा रुग्णांची केस सिरीज आम्ही लिहिली. लेख तयार झाला, पण सर्वांत जास्त चर्चा झाली ती त्यासोबतच्या एका पानाच्या पत्रावर.

आमच्या रेसिडेंटच्या मसुद्यात पहिलं वाक्य होतं, ‘भारतातील ही अशी पहिलीच केस सिरीज आहे.’ मी पबमेडवर `Bungarus caeruleus AND abdominal pain` टाकून त्याच्यासमोर शोध घेतला. मण्यारदंशात पोटदुखी होते हे भारतातून आणि श्रीलंकेतून आधीच नोंदवलेलं आहे. संपादकही हाच शोध घेणार, आणि पहिलंच वाक्य खोटं निघालं की पुढचं कोण वाचणार? मग आमच्याकडे नवं काय उरलं? सहाही जण आधी सर्जरीत भरती होते, त्यामुळे नर्सिंगच्या नोंदींत पोटदुखी कधी सुरू झाली आणि पापणी पहिल्यांदा कधी जड दिसली, या दोन्ही वेळा होत्या. हा मधला काळ प्रत्येक रुग्णात मोजता आला. पत्रात आम्ही एवढंच लिहिलं: पोटदुखी हे लक्षण माहितीतलं आहे; तिच्यापासून पापणी पडेपर्यंतचा काळ आम्ही रुग्णागणिक मांडला आहे, आणि त्या काळात पापण्या व मान पुन्हा पुन्हा तपासण्याने निदान लवकर होऊ शकतं.

त्याच परिच्छेदात मर्यादाही घातली. साप प्रत्यक्ष फक्त दोघांच्या घरी सापडला होता, बाकी चौघांचं निदान लक्षणांवरून केलेलं. शिवाय एका रुग्णालयातल्या सहा जणांवरून हे किती वेळा घडतं ते सांगता येत नाही. रेसिडेंटला वाटलं, आपणच आपली बाजू कमजोर करतोय. माझं मत उलट होतं. ही शंका परीक्षकाला येणारच. ती आपणच आधी मांडलेली असली की लेखावर विश्वास बसतो.

नैतिक मान्यतेसाठी अर्ज आम्ही रेकॉर्ड रूममधून फायली काढण्याआधीच केला होता. काम झाल्यावर मागाहून मंजुरी मिळत नाही, हे आमच्या समितीच्या सचिवांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत जुन्या नोंदींच्या अभ्यासासाठी संमतीतून सूट देण्याची सोय आहे, ती समितीने दिली. पण ही सूट नोंदींपुरती. लेखात एका शाळकरी मुलीचा पापण्या पडलेल्या अवस्थेतला फोटो होता. डोळ्यांवर काळी पट्टी लावून ओळख लपत नाही, आणि इथे तर डोळेच दाखवायचे होते. वडिलांना बोलावलं, फोटो छापून येईल तसा कापून मोबाइलवर दाखवला. ‘हा जगात कुणालाही दिसेल, आणि एकदा छापला की परत घेता येणार नाही,’ असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, ‘दुसऱ्या कुणाचं पोर वाचणार असेल तर छापा, डॉक्टर. पण तिलाही विचारा.’ तिलाही विचारलं. ती हो म्हणाल्यावरच सही घेतली. म्हणून पत्रात दोन वेगळी वाक्यं आली: समितीची मंजुरी, तिचा क्रमांक आणि तारीख, आणि फोटोसाठी पालकांची लेखी संमती व मुलीचा होकार. परीक्षकांना लेखक कळू नयेत अशी जर्नलची पद्धत असल्याने समितीचं नाव मुख्य लेखात न देता फक्त पत्रात आणि शीर्षकपानावर दिलं.

लेखकांच्या नावांचा प्रश्न नाजूक होता. आयसीएमजेईच्या चारही अटी लागतात: कामात भरीव सहभाग, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत वाटा, अंतिम प्रतीला मान्यता आणि सगळ्या कामाची जबाबदारी. भूलतज्ज्ञ मॅडमनी नोंदींतला व्हेंटिलेटरचा तपशील काढला आणि तो भाग स्वतः पुन्हा लिहिला, म्हणून त्या लेखक. रुग्ण आमच्याकडे पाठवणारे सर्जन आणि नोंदींची परवानगी देणारे अधीक्षक यांचे आभार मानले, तेही त्यांना विचारून. अधीक्षकांचं नाव लेखकांत हवं असा एका सहकाऱ्याचा आग्रह होता. मी चार अटी छापून अधीक्षकांनाच दाखवल्या. त्यांनी वाचून आभारावर खूण केली. पत्रात मग आद्याक्षरांनी लिहिलं की नोंदी कुणी काढल्या, वेळा कुणी पडताळल्या, पहिला मसुदा कुणाचा.

पाठवण्याआधी पत्रातला प्रत्येक आकडा लेखाशी जुळवला. संपादकांनी उत्तरात समितीच्या पत्राची प्रत तेवढी मागवली आणि लेख परीक्षणाला पाठवला.