दीड दिवसाचा पाहुणा आणि ऑफिसातले प्रश्न

बुधवार, २७ ऑगस्ट २०२५, आइंडहोवेन

आज गणपती बसले. पूजा आटोपली, मोदक झाले, आरतीला शेजारची दोन घरं आली. आता भांडी घासून लिहायला बसलेय.

ऑफिसात काल रजेचं कारण विचारलं तेव्हा सांगितलं, "घरी पाहुणे येताहेत, दीड दिवसासाठी." कॉफी मशीनपाशी उभा असलेला टीम लीड कप हातात धरूनच थांबला. दीड? मी म्हटलं, "वर्षभर आधी तारीख कळवतो, ठरल्या दिवशी येतो, ठरल्या वेळी निघतो. असा पाहुणा तुम्हा डच लोकांनाही मिळायचा नाही." इथे जिवलग मैत्रिणीकडे चहाला जायचं तरी दोन्ही डायऱ्या उघडून तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरते, त्यामुळे हे लगेच पोचलं. सगळे हसले आणि मग त्यानेच विचारलं, "पण दीडच का?"

या दुसऱ्या प्रश्नासाठी तर सगळा खटाटोप. हसून लोक जागेवर गेले तर विनोद जमला पण सण सांगायचा राहिला. हसून कुणी पुढचं विचारलं तर खरं सांगायला वाट मिळते. मग सांगितलं, चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा आणि विसर्जन, म्हणून दीड. कुणाकडे पाच दिवस, कुणाकडे गौरींबरोबर जातात, कुणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे यंदा ६ सप्टेंबरपर्यंत राहतात. ज्या घराची जी चाल. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे मुक्काम यजमान ठरवतो? आमच्या सासूबाईंनाही हे लागू होतं का?" हा विनोद त्याचा, माझा नाही.

संध्याकाळी नवऱ्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला. आज चंद्र बघायचा नाही ना. उद्या दुपारी जेवताना ही गोष्ट निघणार हे नक्की, कारण आमच्या गटातली एक जण आकाशनिरीक्षणवाली आहे. तिच्यासाठी तयारी आहे: मोदक जास्त झालेले गणपतीबाप्पा उंदरावरून घसरले, चंद्र त्यांच्या पोटाकडे बघून हसला, तक्रार वरपर्यंत गेली आणि चंद्राला वर्षातून एका रात्रीचं निलंबन मिळालं. ऑफिसातल्या माणसाला एचआर कळतं, शाप समजावून सांगावा लागतो. पुढचं मात्र सरळ सांगायचं: आज चंद्र दिसला तर खोटा आळ येतो, अशी समजूत आहे. स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ कृष्णावरही याच कारणाने आला, अशी कथा आहे. शिवाय इथल्या ढगांमुळे हा नियम पाळायला कष्ट पडत नाहीत.

गुरुवार, २८ ऑगस्ट

उत्तरपूजा करून संध्याकाळी बाप्पांना निरोप दिला, बाल्कनीतल्या बादलीत. मूर्ती शाडूची. रात्रीतून विरघळेल, मग ते पाणी कुंड्यांना. कालव्यात सोडायचा विचार आमच्या मनातही येत नाही.

"ज्याची पूजा केली त्यालाच बुडवता?" हा प्रश्न इथे हटकून येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडं दुःखही असतं. फ्लेव्होलँडमध्ये वाढलेल्या सहकाऱ्याला मी म्हटलं होतं, "तुम्ही पाण्यातून माती काढून त्यावर अख्खा प्रांत वसवलात. आम्ही माती मूर्तीपुरती उसनी घेतो आणि दीड दिवसात पाण्याला परत करतो." तो प्रांतच समुद्र हटवून केलेला, त्यामुळे गडी खूश. उसनी आणि परत हे दोन शब्द त्याच्या लक्षात राहिले, बुडवणं मागे पडलं. म्हणूनच विसर्जनासाठी मला हाच विनोद आवडतो. तो काढून टाकला तर खुलासाच उरत नाही.

गजमुखाच्या गोष्टीला मात्र विनोद लावत नाही. बापाने मुलाचं डोकं उडवलं हे सँडविच खाताखाता हसत सांगितलं की लोक हसतात, पण नजर ताटात घालून. ती गोष्ट सरळ सांगावी: आईने अंगाच्या मळापासून मुलगा घडवला, दारावर उभा केला, बापाला तो कोण ते ठाऊक नव्हतं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

पहाटे उठून ऑफिससाठी ताजे मोदक केले. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. आशियाई दुकानातून पीठ घेताना साधी तांदळाची पिठी आहे ना हे बघून घ्यावं लागतं. शेजारीच चिकट तांदळाचं पीठ असतं, त्याची पारी वाफेवर बसकण मारते आणि कळ्या मिटून जातात. सारणात दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ आणि वेलदोडा. काजू-बदाम मुद्दाम घातले नाहीत आणि डब्यावर घटक लिहिले: खोबरं, गूळ, तांदूळ, तूप. ॲलर्जीवर विनोद नाही. ते आधी कोरडेपणाने सांगायचं, मग काय ती थट्टा.

इथे ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच ऑफिसला केक आणायचा असतो. "वाढदिवस याचा, नियमाने खाऊ यानेच द्यायचा, मी फक्त डबा वाहून आणला," असं म्हटल्यावर गणेशजन्म वेगळा समजवावा लागला नाही. त्यांच्याच पद्धतीप्रमाणे सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, कारण इथे वाढदिवसाला घरच्यांचंही अभिनंदन करतात.

"मोदक एकवीसच का?" या प्रश्नावर बिस्किटाचा डबा मदतीला आला. कॉफीबरोबर एक बिस्कीट देऊन झाकण लावायचं, ही डच पाहुणचाराची ख्याती तेच चवीने सांगतात. मी म्हटलं, "आमच्याकडे देव नैवेद्य नुसता बघतो, खातो आम्ही. एकच ठेवला तर भांडणं होतील." एकवीस हा आकडा गणपतीच्या दूर्वांनाही लागतो हे मागाहून सांगितलं.

उंदराचं काम आकाशनिरीक्षणवालीने अंगावर घेतलं. नोव्हेंबरात स्पेनहून बोटीने येऊन मुलांना भेटी वाटणाऱ्या सिंटरक्लासच्या घोड्यासाठी इथली पोरं बुटात गाजर ठेवतात. ती म्हणाली, "घोड्याला गाजर, तसा उंदराला मोदक, यात विचित्र काय?" मी जोडलं, "तुमचा पाण्यातून येतो, आमचा पाण्यातून जातो." क्षणभर शांतता आणि मग हशा, कारण हे त्यांनाही तेव्हाच जाणवलं: सिंटरक्लास येताना गावभर मिरवणूक, जाताना कुणाला पत्ताही नसतो. आमच्याकडे खरी गर्दी निरोपाला. गिरगाव चौपाटीचा व्हिडिओ दाखवला तर तो तीनदा बघितला गेला.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. "देवाची थट्टा करतेस?" म्हणाली. मी म्हटलं, जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या त्या चालतात ना? आणि थट्टा आपल्या पाहुणचाराची, आपल्या खादाडपणाची चाललीय, बाप्पाची नाही. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बरं, मोदकाच्या कळ्या किती पडल्या?" अकरा म्हटलं. "ते नको सांगूस ऑफिसात."

रविवारी मैत्रिणीकडे गौरी येणार आहेत, सोमवारी सोळा भाज्या. आकाशनिरीक्षणवाली येते म्हणालीय, आणि तिने आधीच विचारलंय की दीड दिवसाचा पाहुणा गेल्यावर या बायका कोण.