स्लॉट मिळेना, तेव्हा कुठला संकल्प थांबवायचा?

गेल्या वर्षी मी चार गोष्टी एकदम अंगावर घेतल्या: गाडीचं लायसन्स, जपानीची एन-५ परीक्षा, जानेवारीतली हाफ मॅरेथॉन आणि आजोबांच्या ट्रंकेतली मोडी कागदपत्रं. भांडुपहून फोर्टला नोकरी, त्यामुळे आठवड्याला सुटे तास दहाच्या आसपास. चारही नीट करायच्या तर पंधरा लागतात, हे ऑगस्टमध्ये कागदावर मांडलं तेव्हा कळलं. काहीतरी थांबवणं भागच होतं.

लर्निंग लायसन्स सहज मिळालं. आधारवरून घरबसल्या परीक्षा दिली, जूनच्या सुरुवातीला हातात. त्यानंतर ३० दिवस थांबून पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. आणि इथेच सगळं अडकलं. सारथी पोर्टलवर स्लॉट उघडायचे आणि मी ओटीपी टाकेपर्यंत भरलेले असायचे. एकदा मिळाला, तर त्या दिवशी असा पाऊस की टेस्टच रद्द. काउंटरवर विचारलं तर उत्तर, "मॅडम, ऑनलाइनच बघा." ऑनलाइन बघूनच तर मी तिथे आले होते! ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणायचे, "होईल हो ताई, दिवाळीनंतर गर्दी कमी होते." दिवाळीनंतर म्हणजे नोव्हेंबर. माझं लर्निंग डिसेंबरच्या सुरुवातीला संपणार. जपानीची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे दोन्ही एकाच आठवड्यात.

घरचे, ऑफिसातले, सगळे एकच सांगत होते: लायसन्स सोडून दे यंदा, तसंही अडकलंय, बाकीचं तरी कर. मलाही ते पटायला लागलं होतं, कारण स्लॉटच्या नावानेच डोकं फिरायचं. पण वैताग बाजूला ठेवून प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहिला: तीन महिने हात लावला नाही तर काय जातं?

लायसन्सच्या पुढे उत्तर होतं: सगळं. लर्निंगची मुदत सहा महिने. ती संपली की नवा अर्ज, नवी फी, परत ३० दिवसांची वाट. शिवाय टेस्टमध्ये नापास झालं तर सात दिवस पुन्हा बसता येत नाही, म्हणजे पहिली टेस्ट शेवटच्या आठवड्यात घेणं हा जुगारच. जपानीचंही तसंच. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, शिवाय भाषाज्ञान-वाचन आणि ऐकणं या दोन्हींत वेगळी किमान मर्यादा असते. एका भागात पास झालो म्हणून पुढच्या वेळी त्यातून सुटका नाही, पुन्हा सगळंच द्यायचं.

धावण्याचं उत्तर वेगळं निघालं. दमसास दोन-तीन आठवड्यांत घसरायला लागतो हे खरं, पण आठवड्यातून दोनदा थोडं आणि जोरात धावलं तरी बराचसा टिकतो. शिवाय २१ किलोमीटरची तयारी साधारण १६ आठवड्यांची. म्हणजे जानेवारीसाठी सप्टेंबरअखेरपासून वेळ द्यायचा, नेमका बाकीच्या दोघींचा वेळ. नोंदणीचे पैसे अजून भरले नव्हते. मॅरेथॉन पुढच्या वर्षावर टाकली, मुलुंडच्या रस्त्यांवर सकाळचे दोन छोटे फेरे ठेवले. आमच्या ग्रुपमधल्या एकीने तोंड वाकडं केलं. तिचं लर्निंग संपत नव्हतं.

मोडी तर पूर्णच थांबवलं, पण मध्येच नाही. हातातलं खरेदीखत शेवटच्या ओळीपर्यंत बाळबोधीत उतरवलं, पुढच्या कागदावर चिठ्ठी लावली: "इथून सुरू. 'ळ' आणि 'ल' पुन्हा बघ." अर्धवट ओळीत सोडलं असतं तर अक्षराचं वळण परत डोळ्यात बसवायलाच दोन बैठका गेल्या असत्या.

उरलेला वेळ असा वाटला: रोजच्या लोकलमध्ये कांजी या जपानी चित्राक्षरांची कार्डं, शनिवारी ऐकण्याचा सराव, रविवारी गाडी. ऐकण्याला लोकल कामाची नाही, 'अगला स्टेशन' मध्येच घुसतं.

स्लॉट शेवटी ऑक्टोबरमध्ये मिळाला. युक्ती काही नव्हती, रोज रात्री जेवणं झाल्यावर पोर्टल उघडायचा नेम ठेवला आणि कुणीतरी सोडलेली जागा दिसली. टेस्ट पाच मिनिटांत आटोपली. इतक्या महिन्यांच्या मनस्तापाला पाच मिनिटं! बाहेर येऊन मी आधी वडापाव खाल्ला, मग आईला फोन केला.

एक सांगायचं राहिलं. जपानीच्या परीक्षेची नोंदणी काही महिने आधीच बंद होते, त्यामुळे ती थांबवायची की नाही हे नोंदणीच्या आधी ठरवा. आणि लर्निंग काढायचंच तर पावसाळा संपताना काढा. मी जूनमध्ये काढलं, म्हणून मुदतीतले निम्म्याहून जास्त दिवस पावसात गेले.